सेहेचाळीस दिवसांचे खासगी काम

कलकत्त्यात नवऱ्याची बदली झाली तेव्हा माझीही झाली, आणि एस्प्लनेडजवळच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात मला आस्थापना शाखेचे टेबल मिळाले. म्हणजे रजांचे टेबल. दीडशे माणसे कधी आजारी पडली, कधी कोणाच्या लग्नाला गेली आणि कधी नुसतीच घरी झोपून राहिली, याचा इतिहास माझ्या कपाटात होता. डमडमहून दीड तास बसमध्ये उभी राहून मी हा इतिहास लिहायला यायची, आणि त्याबद्दल मला पगार मिळायचा.

आमच्या शाखेचे अधीक्षक म्हणजे बडोबाबू. त्यांची छत्तीस वर्षे नोकरी झाली होती. बेहाला या उपनगरात त्यांनी घर बांधले होते, पण वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याला कठडा नव्हता. तो निवृत्तीच्या पैशातून होणार होता. तोवर घरातली सगळी माणसे भिंतीला चिकटून वर जायची, असे ते स्वतःच सांगायचे. त्यांचा अभिमान मात्र घराचा नव्हता. त्यांचा अभिमान असा की छत्तीस वर्षांत त्यांनी एकही वैद्यकीय दाखला दिलेला नव्हता. कोणी तापाचा दाखला घेऊन आले की ते तो उजेडाकडे धरून बघायचे, आणि मग साऱ्या शाखेला ऐकू जाईल असे म्हणायचे, "छान. डॉक्टरांचे अक्षर सुधारले आहे."

माझ्याही दाखल्याचे त्यांनी असेच कौतुक केले होते. तेव्हा माझा गर्भपात झाला होता. मी ते विसरले नव्हते, आणि विसरल्याचे सोंगही आणले नव्हते.

सत्त्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये बडोबाबू सेहेचाळीस दिवसांच्या रजेवर गेले. अर्जित रजा, कारण 'खासगी काम', आणि खाली त्यांच्याच सुंदर अक्षरात, कोणी न विचारता, 'प्रकृती उत्तम आहे'. परत आले ते हातात एक रबरी गादी घेऊन. मधोमध भोक असलेली, फुगवायची. मुलीने भेट दिली म्हणाले. आम्ही सर्वांनी मुलीच्या आवडीची तारीफ केली. मूळव्याधीचे ऑपरेशन बेहालाच्या नर्सिंग होममध्ये झाले होते, जखम चिघळून मुक्काम लांबला होता, आणि हे दारावरच्या शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना ठाऊक होते. कारण आमचा म्हातारा दफ्तरी, जो जुन्या फायली बांधायचा आणि शोधून द्यायचा, तो रोज संध्याकाळी सहीचे कागद घेऊन त्यांच्या खाटेपाशी जात होता. दफ्तरीने मात्र कोणालाही एक अक्षर सांगितले नाही. बातमी बस कंडक्टरकडून आली असावी.

मग ऑक्टोबरात दिल्लीहून तो आदेश आला.

तोपर्यंत शिल्लक रजेला मोल असे नव्हते. निवृत्तीआधी रजा घेऊन घरी बसा, नाहीतर सोडून द्या. आता नवा नियम आला. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसापासून जो वयाने निवृत्त होईल, त्याला शिल्लक अर्जित रजेचे रोख पैसे, जास्तीत जास्त एकशे ऐंशी दिवसांचे. आमच्या कार्यालयात त्या दिवशी काम झाले नाही. जी माणसे वर्षानुवर्षे माझ्या टेबलापाशी फिरकली नव्हती ती रांग लावून आपापली शिल्लक विचारू लागली. एका लेखनिकाला अर्धपगारी रजा तीनशे दिवस शिल्लक होती. तो आनंदाने पिवळा पडला. अर्धपगारीचा एक पैसाही मिळणार नाही हे मी सांगितल्यावर पुन्हा पिवळा पडला, पण वेगळ्या कारणाने. किरकोळ रजा तर मुळात हिशोबातच नाही, डिसेंबर संपला की ती संपली.

दराचेही असेच. मूळ पगार अधिक निवृत्तीच्या दिवशीचा महागाई भत्ता, भागिले तीस. घरभाडे नाही, शहर भत्ता नाही. बडोबाबूंचा मेव्हणा तागाच्या गिरणीत होता. तिथे महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांनी भागतात, म्हणजे रविवार वगळून, आणि दिवसाचा दर वाढतो. बडोबाबूंनी मला विचारले, "आपल्याकडे सव्वीसने का भागू नये?"

"आपल्याला रविवारचाही पगार मिळतो म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी तो मुद्दा काही वेळ मनात घोळवला. सरकार रविवारी त्यांना पगार देते हे त्यांना पहिल्यांदाच खटकलेले दिसले.

ते एकतीस डिसेंबरला निवृत्त होणार होते. मूळ पगार साडेसातशे, महागाई दोनशे चाळीस, एकूण नऊशे नव्वद. भागिले तीस, दिवसाला तेहतीस रुपये. शिल्लक रजा एकशे चौतीस दिवस. खासगी काम केले नसते तर बरोबर एकशे ऐंशी. सेहेचाळीस गुणिले तेहतीस, पंधराशे अठरा रुपये. कठड्याचा अंदाज चौदाशेचा होता.

आता यावर उपाय होता. नियमांत एक कलम आहे: मंजूर झालेली रजा मागाहून दुसऱ्या प्रकारात बदलून घेता येते, ती त्या वेळी देय असेल तर. पण हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करणाऱ्याची मर्जी. आजारपण असेल तर अर्धपगारी रजेचे दोन दिवस खर्ची टाकून पूर्ण पगाराचा एक दिवस मिळतो. म्हणजे बडोबाबूंनी कुचकामी पडून असलेले ब्याण्णव अर्धे दिवस द्यायचे आणि सेहेचाळीस सोन्यासारखे दिवस परत घ्यायचे. अट एकच: आपण आजारी होतो, असे लिहायचे.

दहा दिवस त्यांनी लिहिले नाही. अकराव्या दिवशी अर्ज माझ्या टेबलावर आला, उलटा ठेवलेला. सोबत नर्सिंग होमचा दाखला होता. दाखल्यात रोगाचे नाव इतके बारीक लिहिले होते की मला खिडकीपाशी जावे लागले. मी तो उजेडाकडे धरला. त्यांनी ते पाहिले, आणि मला जे वाटले ते आनंदच होता. खोटे कशाला बोलू?

पण त्या कपाटात आणखी एक अर्ज होता. दफ्तरीचा.

दफ्तरीही त्याच दिवशी निवृत्त होणार होता. जूनमध्ये त्याला टायफॉइड झाला, सरकारी इस्पितळात अठ्ठावीस दिवस होता. त्याने दाखला दिला होता, कामावर येताना बरा झाल्याचाही दाखला दिला होता. पण अर्धपगारीची दुप्पट वजाबाकी करायचा कंटाळा, म्हणून बडोबाबूंनी ती रजा अर्जितमध्येच टाकायला लावली. नवा आदेश आल्यावर त्याने बदलून मागितली. दिवसाला दहा रुपये, म्हणजे दोनशे ऐंशी. ओरिसातल्या त्याच्या घरावर त्याला पत्रे घालायचे होते. बडोबाबूंनी शेरा लिहिला: 'हक्क म्हणून मागता येत नाही. शिफारस नाही.' टिपण मी तयार केले होते. ते चूक आहे हे मला तेव्हाही कळत होते, आणि मी ते नीटनेटके लिहिले. त्या दिवशी मला पाच पस्तीसची बस गाठायची होती.

म्हणून बडोबाबूंच्या अर्जावर मी पद्धतीप्रमाणे लिहिले: 'अशाच एका प्रकरणात गेल्या महिन्यात घेतलेला निर्णय पान अकरावर आहे.' आणि दफ्तरीचे कागद त्याच फायलीत लावून, पानांवर शाईने क्रमांक घालून, फाइल वर पाठवली. वर म्हणजे आधी बडोबाबूंकडेच.

त्यांनी मला बोलावले. ते बंगालीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायची, आणि आम्ही दोघेही दुसऱ्याची भाषा आपल्याला येते असे समजायचो.

"दीदी, हे पान अकरा इथे कशाला?"

"पूर्वीचे उदाहरण जोडायचे, असे तुम्हीच शिकवले."

"काढून टाका."

"पानांना शाईचे क्रमांक आहेत. तेही तुम्हीच शिकवले."

ते गादीवर थोडे सरकले. "दीदी, मी खरोखर आजारी होतो."

"तोही होता," मी म्हणाले.

फाइल तीन दिवस त्यांच्याकडे राहिली. चौथ्या दिवशी दफ्तरीच्या अर्जावर नवा शेरा होता: 'फेरविचार केला. दाखले वेळेवर दिलेले आहेत. मंजुरीस हरकत नाही.' त्याचे मंजूर झाल्याशिवाय स्वतःचे पुढे सरकणार नाही, एवढे त्यांना कळले होते. छत्तीस वर्षांत त्यांनी कोणासाठी केलेली ही पहिली शिफारस असावी.

साहेबांनी दोन्ही अर्ज एकाच बैठकीत वाचले. दफ्तरीच्या अर्जावर लिहिले, 'मंजूर'. बडोबाबूंच्या अर्जावर जास्त लिहिले: 'रजेच्या वेळी दाखला दिलेला नाही, कामावर येताना बरे झाल्याचाही नाही. मूळ अर्जात अर्जदाराने प्रकृती उत्तम असल्याचे स्वहस्ते नमूद केले आहे. अधीक्षकांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही. नामंजूर.'

मी तो शेरा दोनदा वाचला. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा मला तो बिनकठड्याचा जिना दिसला आणि हसू आले नाही. साहेबांनाही ती गादी ठाऊक होती.

एकतीस तारखेला दोघांचा एकत्र निरोप समारंभ झाला. संदेश नावाची मिठाई होती, दोन हार होते. एक जाड, एक बारीक. साहेब बोलायला उभे राहिले. दफ्तरीबद्दल एक वाक्य बोलले. बडोबाबूंबद्दल म्हणाले, "छत्तीस वर्षे, आणि एकही दिवस आजारपणाची रजा नाही. आजच्या तरुणांनी हा आदर्श ठेवावा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

बडोबाबू उत्तराला उठले. आभार मानताना त्यांचा आवाज फाटला, आणि सर्वांना वाटले, नोकरी सोडवत नाही. तेवढ्यात मागे उभा असलेला दफ्तरी पुढे आला. लाकडी खुर्चीवरची गादी घसरून खाली पडली होती. त्याने ती उचलली, बाहीने पुसली, भोक बरोबर मध्ये येईल अशी खुर्चीवर ठेवली, आणि ते बसेपर्यंत तिला धरून उभा राहिला.