चंपाबाईंचे झुमके

गिरगावातल्या हितेंद्रच्या दागिन्यांच्या दुकानात नॉर्मा परेराला सगळे टरकून असत. लग्नाच्या फोटोंवर रिटचिंगचा हात फिरवण्यात तिची उमर गेली होती. आता कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाच्या फोटोवर दागिना चढवून दाखवायचं काम तिच्याकडे होतं. ज्याला हे जमत नाही त्याची तिला कीव येत नसे, किळस येई. आणि त्यात हितेंद्रचा पहिला नंबर.

डिलाईल रोडच्या चंपाबाईंना नातीच्या लग्नात घालायला ठुशी आणि झुमके घडवून हवे होते. दुकानात नमुना नव्हता, नुसते कारागिराने धाडलेले फोटो. मुलगी मानसीने आईचा मोबाइलवरचा फोटो पाठवला आणि हितेंद्रने उत्साहात दागिने स्वतःच चिकटवले.

नॉर्माने नाक मुरडलं. “बाई आहे की खुंटी? मान कलली म्हणून झुमकेही कलले! अरे, झुमका सरळ खालीच लोंबतो. हा कान अर्धा गालाआड आहे, तरी झुमका अख्खा?”

“चमक तर बघा!”

“ती स्टुडिओच्या दिव्यांची. बाईवर उजेड खिडकीचा आहे. शिवाय हा फिल्टरचा फोटो. डोळे फुगवलेत, हनुवटी तासलीय. माप काय कपाळ काढणार?”

तिने चंपाबाईंनाच दुकानात बोलावलं. खिडकीशी बसवून दोन फोटो घेतले, एक हनुवटीखाली पट्टी धरून आणि एक तसाच. कारागिराला झुमक्याची खरी उंची विचारून त्याच मापाने तो कानाला लावला. ठुशी गळ्याच्या गोलाईवर वळवली, टोकं मानेमागे लपवली, मण्यांखाली बारीक सावली धरली. स्टुडिओचे पांढरे पट्टे पुसून खिडकीकडच्या बाजूला उजेड दिला. खालच्या मण्यांत हिरव्या पदराची झाक उतरवली.

“लहान दिसतायत झुमके,” हितेंद्र म्हणाला.

“आहेतच तेवढे.”

तिची पाठ वळताच त्याने फोटोतले झुमके दीडपट केले आणि तो फोटो मानसीला पाठवून दिला.

दागिने तयार झाले. चंपाबाईंनी दुकानातल्या आरशासमोर ते घातले आणि मोबाइल पुढे धरला. “हे कसे हो? फोटोत तर खांद्याला टेकत होते.”

“नॉर्माची चूक झाली बहुतेक,” हितेंद्र सहज बोलून गेला.

नॉर्माने आवाज चढवला नाही. आपण केलेलं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. चंपाबाईंनी आरशात पाहिलं, पडद्यावर पाहिलं. माप तेच होतं, उजेडही तोच.

“मला हेच हवेत. मोबाइलमधले भोपळे होते,” त्या म्हणाल्या. मग हितेंद्रकडे वळल्या. “पण मानसीला फोटो तूच पाठवलास ना? स्वतःचं पाप हिच्या माथी मारताना लाज नाही वाटली रे?”

झुमके कानातच ठेवून त्या निघाल्या.

“गिऱ्हाइकाला मोठं आवडतं...” तो पुटपुटला.

“तुला आवडतं,” नॉर्मा म्हणाली. “उद्यापासून फोटो मीच पाठवणार. तू गल्ल्यावर बैस, तेवढं जमतं तुला.”