साखर स्वस्त केली तेव्हा

इंदापुरात हायवेला ते मोठं दुकान उघडलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत अर्थशास्त्र कळणारा माणूस एकच होता. तो म्हणजे मी. बारामतीच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण उपयोग करायला संधी मिळाली नव्हती.

आमचं किराणा दुकान वडिलांनी उभं केलेलं. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीसुद्धा. मोठ्या दुकानाची जाहिरात हातात धरून मी म्हणालो, "तात्या, साखर बघा. आपल्याला घाऊक बाजारात पडते त्याच्यापेक्षा तीन रुपयांनी खाली विकतायत."

"विकू दे की. त्यांना ती खोट साबणात न् कपड्यात भरून काढता येती. तू काय चड्ड्या विकणार हायस?"

"गिऱ्हाईक जाईल."

"लोकं चार वस्तूंचा भाव ध्यानात ठेवत्यात. तेल, चहा, साबण, तूरडाळ. तेवढ्यांचा भाव त्यांच्या जवळपास ने. बाकीच्याला हात लावू नको. आन् साखरेला तर अजिबात न्हाय."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी तात्या मोरगावला गणपतीला गेले, तेवढ्यात मी पाटी लावली : साखर, त्यांच्यापेक्षा एक रुपया कमी. म्हणजे किलोमागं माझे चार रुपये जाणार होते, पण त्या ओढीनं आलेलं गिऱ्हाईक बाकीचा बाजार करणार होतं. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं.

पुस्तक लिहिणारा ऊसपट्ट्यातला नसावा. मी मात्र होतो, आणि तरी विसरलो. आमच्या भागात निम्म्या घरांत कोणी ना कोणी कारखान्याचा सभासद. त्यांना सवलतीची साखर कारखान्यातून मिळते आणि घरात तिची पोती मुंग्यांपासून वाचवत ठेवावी लागतात. माझ्या पाटीकडं बघून एक सभासद म्हणाला, "मालक, आमचीच घ्या की थोडी! तुमच्या भावात देतो." मोरगावहून परतलेल्या तात्यांनी ते ऐकलं आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

साखर खपली मात्र जोरात. स्टँडवरचा हॉटेलवाला कट्टेच्या कट्टे नेऊ लागला. कन्हेरीचा एक दुकानदार टेम्पो घेऊन आला. मी त्याला चहा पाजला, वर गाडीत कट्टे चढवायला खांदा दिला. त्यानं ती साखर आपल्या दुकानात नफ्यानं विकली, हे मला महिन्यानं कळलं.

खोट कुठून तरी भरायची होती. सुट्ट्या मालाचा भाव कुणी ताडून बघत नाही, म्हणून मी शेंगदाणे, मिरची, खोबरं यांचे भाव वाढवले. आणि वरचं बंद केलं.

वरचं म्हणजे तोलून झाल्यावर टाकायची चिमूट. तात्यांची बोटं ती न बघता टाकत. मी इलेक्ट्रिक काटा आणला होता. त्यात चिमटीचं वजन दिसत होतं, हाच घोटाळा झाला.

भाजीच्या मळ्यात खुरपायला जाणारी एक मावशी रोज संध्याकाळी दहाचे शेंगदाणे नेई, मी शाळेत होतो तेव्हापासून. त्या दिवशी मी पुडी बांधली. तिनं घेतली, पण दुसरा हात पुढंच धरून उभी राहिली.

"सुट्टे द्यायचे राहिले का मावशी?" मी विचारलं.

तिनं काट्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या तात्यांकडं. "तात्या, बरं हाय न्हवं?"

"हाय बाई," तात्या म्हणाले आणि मान खाली घातली.

ती पुन्हा आली नाही. मोठ्या दुकानात ती जाणं शक्यच नव्हतं, तिथं दहाचे शेंगदाणे मिळत नाहीत. ती पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जाऊ लागली, आणि तिच्यासारखी बाकीचीही. मोठ्या दुकानाला आमच्याकडून जे नेता येत नव्हतं, ते मीच घालवलं.

तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "वरचं आपल्यालाच देता येत होतं रे." दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत. मी साखरेची पाटी उतरवली, भाव खाली आणले, चिमूटही सुरू केली. पण चिमूट टाकायला समोर हात लागतो.

वर्षाच्या आत दुकान बंद पडलं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात, भाडं आम्हाला येतं. तात्या रोज संध्याकाळी त्याच दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतात. मोबाईलवाला पोरगा त्यांना काही बोलत नाही.

परवा त्यांचा सदरा धुवायला टाकताना मी खिसा चाचपला. आत चार-पाच शेंगदाणे होते.

"हे कुठले तात्या?"

"ती मावशी जाता जाता देती," ते म्हणाले. "पुडी उघडून. रोज."

मी ते परत त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी एक माझ्यापुढं केला. मला तो घेता आला नाही.