मामांचा लिफ्टचा किस्सा

मामा एका कारखान्यात लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर तेल, ग्रीस आणि गप्पा, यांतच हात बुडालेले. त्यांचा एक किस्सा मी शंभरदा तरी ऐकला असेन.

"साहेब लिफ्टमध्ये अडकले होते. मी तिसऱ्या मजल्यावर घाम गाळत दार उघडत होतो, 'साहेब, घाबरू नका' म्हणून ओरडत होतो. आणि साहेब माझ्याच मागे उभे राहून चहा पीत होते! मी हत्यारं आणायला गेलो होतो ना, तेवढ्यात लिफ्ट आपोआप खाली त्याच मजल्यावर आली होती. साहेब केव्हाच उतरले होते."

ऐकणारे पोट धरून हसत आणि मामा शांतपणे सुपारी कातरत.

मग मामांना मेंदूचा झटका आला. चालणं सावरलं, बोलणं अर्धवट परतलं. शब्द सापडायचे, पण सगळे एका रांगेत. "साहेब अडकले. मी दार उघडलं. साहेब उतरले. साहेब चहा प्याले." वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तीन चिठ्ठ्या केल्या: उतरले, उतरत होते, उतरले होते. म्हणाल्या, "काका, जे आधीच झालंय त्याला 'उतरले होते' म्हणायचं. जे चालू होतं त्याला 'उतरत होते'. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही सांगताय त्याच क्रमाने झालं." मामांना हे कळत होतं, तेच तर वाईट. चूक ऐकू यायची आणि दुरुस्त करता यायची नाही.

कारखान्याने निरोप समारंभ ठेवला. मामींना त्यांनी खुणेने बजावलं, किस्सा मीच सांगणार. तीन आठवडे घोकला. जुने लोक केव्हाच निवृत्त झाले होते, समोर सगळी नवी माणसं. मामा उभे राहिले, खुर्चीची पाठ घट्ट धरून.

"साहेब अडकले. मी... हत्यारं आणली. दार उघडलं. साहेब... उतरले."

ते थांबले. ओठ हलत होते. पुढचा शब्द येत होता, येत होता, आला नाही. मामी माझ्या कानात पुटपुटल्या, "मी सांगू का गं?" मामांनी तिकडे नुसतं पाहिलं आणि त्या पुन्हा मागे टेकल्या.

नव्या साहेबांना वाटलं, संपलं. ते भारावून उठले. "पाहिलंत? स्वतःच्या जिवाची पर्वा न करता यांनी साहेबांना बाहेर काढलं!"

सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. मामा जोरजोरात मान हलवत होते, डावा हात हवेत नाही-नाही करत होता. लोकांना तो विनय वाटला, टाळ्या आणखी वाढल्या. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर पुढच्या रांगेतल्या एका बाईनेही डोळे पुसले.

मला तो किस्सा तोंडपाठ होता. एक वाक्य पुरलं असतं. मला मामांचा भयंकर राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. आणि सगळे उभे होते म्हणून मीही उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या.