अक्काच्या शाळेची उतरती रेघ

त्या उन्हाळ्यात पंचायत समितीच्या हॉलमधला माठ दुपारच्या आधीच कोरडा पडायचा. मी तिथंच फरशीवर पालथा पडून कार्डशीटवर रेघा मारत होतो. मास्तरकीच्या पहिल्या वर्षात साहेबांना माझ्यात एकच गुण दिसला होता, तो म्हणजे हात. गणित यथातथाच, पण पट्टी न हलवता रेघ मारायची म्हटलं तर तालुक्यात मीच, असं निदान मला तरी वाटायचं.

साहेब म्हणजे शिक्षणाचे विस्तार अधिकारी. पाढे घोकून घेणं बंद करून सहा शाळांत त्यांनी वर्षभर चिंचोके आणि काड्यांच्या जुड्यांवर गणित शिकवायला लावलं होतं. त्यातली एक शाळा माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. आमची आई तिच्याकडंच असायची, अंथरुणाला खिळलेली.

तक्ता साधाच होता. डावीकडं एक उभी रेघ, तिच्यावर पोरं तिसरीत असतानाची शाळेची गणिताच्या गुणांची सरासरी. उजवीकडं दुसरी, तिच्यावर त्याच वर्गाची चौथीतली. दोन्हीकडं प्रश्नपत्रिका एकच, मापही एकच. प्रत्येक शाळेचे दोन ठिपके आणि ते जोडणारी एक तिरकी रेघ.

"रेघ चढली की शाळा चढली," साहेब म्हणाले. "थोडी तर चढणारच, पोरं वर्षानं मोठी झालीत. पण जिची उतरली तिथं पद्धत बंद, अन् मास्तरची बदली लांब परंड्याकडं. तसं सभापतींना सांगून बसलोय."

पाच रेघा झपाझप वर गेल्या. मी शीळ घालत सहावी घेतली, आणि शीळ तोंडातच राहिली. अक्काची रेघ डावीकडून उजवीकडं धडाधड खाली येत होती, पाचही रेघांना छेदत. मला वाटलं, पट्टी सरकली. पुन्हा ठिपके मोजले. मग शीट उलटं धरून पाहिलं. कशानं काय होणार होतं, देवाला ठाऊक! बाकीच्या पाच शाळांच्या मास्तरांना ही पद्धत शिकवायला साहेबांनी अक्कालाच पाठवलं होतं, आणि पडली होती तिचीच शाळा.

दुपारी बैठकीला सहाही शाळांचे मास्तर आले. तक्ता भिंतीला लावला तेव्हा कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट वाटलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"बाई, हे काय झालं?"

अक्का तक्त्याजवळ गेली आणि रेघेकडं बघत राहिली. "साहेब, पावसानं दगा दिला. ऊस वाळला, ढोकीचा कारखाना लवकर बंद झाला. तोडणीला गेलेल्या टोळ्या पोराबाळांसकट परीक्षेआधीच गावात परतल्या. गेल्या साली ती पोरं परीक्षेला नव्हतीच, फडात होती. औंदा आली. पटावर नाव हाय म्हणून बसवली."

"सगळी?"

"सगळी. चिंचोके हातात घेऊन महिनाही झाला नव्हता त्यांना."

तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक वयस्क गुरुजी अगदी कळवळून म्हणाले, "अहो बाई, असं कुणी करतं व्हय? आमी त्यांना परीक्षेदिवशी गुरं राखायला धाडतो. निकाल पडतो ना! सगळेच धाडतात."

मी बाकीच्या चौघांकडं पाहिलं. सगळे आपापल्या चपलांकडं बघत होते. इतक्या कौतुकानं, गुळगुळीत मारलेल्या माझ्या पाच चढत्या रेघा! त्यांच्यातून पोरं काढून टाकलेली होती आणि मी शीळ घालत होतो.

साहेब मटकन खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "नवीन शीट घे. बाईंच्या शाळेतली दोन्ही परीक्षांना बसलेली पोरं तेवढीच धरून पुन्हा काढ."

काढली. रेघ चढली, बऱ्यापैकी उभी चढली. मला रडूच यायला लागलं. ते लपवायला मी शाई सांडली.

"झालं," मी म्हणालो.

"न्हाय झालं," अक्का म्हणाली. "माझी फडातली पोरं कुठं गेली? आत्ताच तर परत आलीत."

"अक्का, त्यांना डावीकडं ठिपकाच नाही. रेघ कुठून काढू?"

"रेघ मागितली का मी? ठिपके तरी काढ."

मी उजव्या रेघेवर एकेका पोराचा ठिपका काढला. बरेचसे खाली, एक-दोन मात्र चांगले वर. सुटे, कशालाच न जोडलेले.

साहेबांनी चष्मा काढला. "बाईंची बदली नाही. पद्धतही चालू राहील." मग बाकांकडं वळले. "तुमच्या पाच शाळांचे ठिपके कुठंयत?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"सोमवारी बसवा त्यांना. गुरं मी राखतो."

परतताना अक्कानं माझ्या शाईनं भरलेल्या बोटांकडं पाहिलं. "तालुक्यात सरळ रेघ म्हणं तुझीच," ती म्हणाली आणि आईच्या औषधाला उशीर होतोय म्हणून भराभरा पुढं निघाली.