पितृपक्षातला ताबा

यवतमाळच्या आमच्या फ्लॅटचा ताबा करारातल्या तारखेपेक्षा दीड वर्ष लांबला होता. बिल्डर फोनवर नुसती सणांची नावं घ्यायचा. पोळा झाला की देतो, दसरा झाला की देतो. शेवटी माझं डोकं फिरलं. बायकोला शेजारी बसवून मी ईमेल लिहिला: भोगवटा प्रमाणपत्र कधी, ताबा कधी, सात दिवसांत लेखी तारीख कळवा, नाहीतर रेराकडे तक्रार करतो.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. प्रमाणपत्र मिळालं होतं, ताब्याची पक्की तारीखही होती. पाठोपाठ मॅनेजरचा गोड आवाजात फोन.

"सर, तारीख पितृपक्षातली आहे. बाकी सगळ्यांनी दिवाळीनंतरची मागितली. तुमचीबी तशीच करू का?"

आम्ही बौद्ध. स्पीकरवर ऐकत बसलेल्या आईनेच उत्तर दिलं, "आम्ही ते पाळत नाही, बाबू. दहा वाजता येऊन राह्यलो, चाव्या तयार ठेवजा."

चाव्या मिळाल्या. दिवाळीपर्यंत अख्ख्या इमारतीत आम्हीच होतो आणि लिफ्टही आमचीच होती. काही काम नसताना आई दिवसातून चारदा खाली जाऊन वर यायची.