पंचवीस टक्के ऑक्सिफिल

उल्का साबणे यांनी एकतीस वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात माणसाच्या अवयवांचे पापुद्रे कापले. मेणात बसवलेला तुकडा यंत्रावर चढवायचा, केसाच्या पंधराव्या हिश्शाएवढा पापुद्रा काढायचा, तो काचेवर उचलून त्याला गुलाबी-जांभळा रंग द्यायचा. डॉक्टर होऊ घातलेली मुलं तोंडी परीक्षेत ज्या स्लाइडपुढे घामाघूम व्हायची, ती बहुतेक वेळा उल्काबाईंच्या हातची असे. निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात त्यांना भिजवलेल्या साबुदाण्यात थायरॉइड दिसू लागलं. "आई, तू काहीतरी काम धर," मुलगी म्हणाली, आणि साबुदाण्याचा डबा वरच्या फळीवर गेला.

हे २०१९ सालचं. हिंजवडीतल्या एका कंपनीला अशी माणसं हवीच होती. परदेशातून स्लाइडचे फोटो यायचे. पडद्यावरच्या एकेका पेशीवर रंगीत ठिपका ठेवायचा, म्हणजे पुढे संगणक ते पाहून आपोआप शिकणार. उल्काबाई सकाळी सव्वासातला बिबवेवाडीहून कंपनीच्या बसमध्ये बसायच्या आणि दोन तासांनी उतरायच्या. खोलीत ठिपके ठेवणारे तेराजण होते. बाकीच्या बाराजणांचं वय मिळून जेवढं होई, त्याच्या चांगल्या पाचव्या हिश्शाएवढं एकट्या उल्काबाईंचं होतं. मुलं बीएस्सीची होती, एकाने हॉटेल मॅनेजमेंट केलं होतं.

ठिपके चार रंगांचे. थायरॉइडमध्ये गोल गोल पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीत गुलाबी लापशीसारखं कोलॉइड, आणि त्याभोवती पेशींचं एकेरी कुंपण. या कुंपणाच्या पेशींना निळा. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, कोलॉइडला न शिवता, क्वचित एखादी फिकट आणि जराशी थोराड पेशी दडलेली असते. तिला सी सेल म्हणतात, ती कॅल्सिटोनिन बनवते. तिला पिवळा. थायरॉइडच्या पाठीला चिकटलेली वाटाण्याहून लहान गाठ म्हणजे पॅराथायरॉइड. तिच्यात पिशव्या नाहीत, नुसती दाटी. त्या दाटीतल्या लहान, गोल केंद्राच्या, बेताच्या अंगाच्या चीफ सेलना हिरवा. आणि चांगल्या ऐसपैस, दाणेदार, झणझणीत गुलाबी ऑक्सिफिलना लाल.

काम उल्काबाईंना डोळे मिटून येण्यासारखं होतं. नोकरी मात्र जायच्या बेतात होती. नियम असा, की ज्याचे ठिपके बहुमताशी जुळतील तो बरोबर, आणि दर तिमाहीला यादीच्या तळातला एकजण घरी. बारावा एकाहत्तर टक्क्यांवर होता, आणि त्याच्याखाली उल्काबाई बेचाळीसवर.

त्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर विश्वजीत रायकर, धायरीचा, वय एकोणतीस. माणूस वाईट नव्हता, तक्त्यावर विश्वास ठेवायचा एवढंच. तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

"मॅडम, या स्लाइडवर तुमचे ऑक्सिफिल झीरो आहेत. स्किप झालं का?"

"नाही. सगळी गाठ बघितली. वर लिहिलंय बघा, मूल सात वर्षांचं आहे. या पेशी वयात येताना दिसायला लागतात आणि म्हातारपणी वाढतात. अगदीच हव्या असतील तर दहा वर्षांनी या."

"पण बाकीच्यांना दोनशे दहा सापडल्या."

"सापडल्या नाहीत. काढल्या."

"मॉडेलला बॅलन्स लागतो ना मॅडम. चारही क्लास पंचवीस-पंचवीस टक्के."

"शरीराला कळवलंय का तसं?"

विश्वजीतने वहीत काहीतरी टिपलं. बहुधा तेच.

शेजारच्या टेबलावर प्रियदर्शनी बसायची, अमरावतीची, वनस्पतिशास्त्राची पदवीधर. खोलीत सर्वांत जास्त पिवळे ठिपके तिचे होते. "काकू, हा बघा ना, सी सेलचा केवढा घोळका!"

"पोरी, ही पिशवी कडेला कापली गेलीये. संत्र्यात सुरी मधोमध गेली तर फोडी दिसतात, कडेला गेली तर नुसती साल. ही साल आहे. आणि हा तुकडा थायरॉइडच्या मधल्या पट्टीतला. तिथे सी सेल नसतातच. त्या दोन्ही बाजूंच्या पाळ्यांत असतात, पाळीचा वरचा हिस्सा तिच्या मधल्या हिश्शाला भेटतो तिथे."

"मग माझा कोटा कसा भरायचा?"



तिमाही संपायला महिना असताना त्यांनी विश्वजीतला शेवटचा उपाय सांगितला. मेणाच्या त्याच ठोकळ्यातला शेजारचा पापुद्रा घ्यायचा आणि त्याला कॅल्सिटोनिनचा खास रंग द्यायचा. ज्या पेशीत कॅल्सिटोनिन असेल तीच तपकिरी होते. वाद मिटतो. विश्वजीतने ग्राहकाला मेल टाकली आणि तीन आठवड्यांत तपकिरी रंगाचे दहा फोटो आले. मधल्या पट्टीच्या चारही फोटोंत तपकिरी पेशी एकही नाही. पाळ्यांच्या सहा फोटोंत त्या एकट्यादुकट्या, पिशव्यांच्या बाहेरच्या अंगाला. उल्काबाईंच्या पिवळ्या ठिपक्यांपैकी दहात सात तपकिरी निघाले, बहुमताच्या दहात एक.

"तीन माझेही चुकले," त्या म्हणाल्या. "साध्या रंगात त्या नीट दिसतच नाहीत."

प्रश्न सुटला असं त्यांना दहा मिनिटं वाटलं. पण सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या उत्तराला जागा नव्हती. ठिपका आला की तो ठेवणारा माणूस हवा. म्हणून तपकिरी रंगाला चौदावा कर्मचारी म्हणून नोंदवण्यात आलं. नाव कॅल्सिटोनिन. आडनाव सक्तीचं होतं, प्रियदर्शनीने 'ब्राउन' टाकलं. दुसऱ्या दिवशी ब्राउनला हजेरी न लावल्याबद्दल मेल गेली. आठवड्याने कामगिरी सुधारण्याचा कार्यक्रम आखून देण्यात आला, कारण ब्राउन फक्त सी सेल ओळखायचा. उरलेल्या तिन्ही रंगांत तो कोरा, आणि सी सेलमध्ये बहुमताच्या विरुद्ध. त्याचा आकडा आला एकोणीस.

तिमाहीच्या शेवटच्या शुक्रवारी विश्वजीतने उल्काबाईंना काचेच्या खोलीत बोलावलं. त्यांनी डबा आणि चष्म्याचं घर आधीच पिशवीत भरलं होतं.

"अभिनंदन मॅडम. तुमचं काँट्रॅक्ट सहा महिने वाढलं."

"बेचाळीस टक्क्यांवर?"

"तळातला एकच जातो, रूल आहे. तळाला ब्राउन होता. त्याला रिलीज केलं."

उल्काबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे खोलीत सी सेल अचूक ओळखणारा एकच होता, त्याला तुम्ही काढलंत."

"परफॉर्मन्सवर," विश्वजीत जरा ओशाळून म्हणाला. "माझ्या हातात नाही हो ते."

त्यांनी सही केली. टोपण लावताना त्यांच्या लक्षात आलं, की आता यादीच्या तळाला पुन्हा आपणच आहोत.

"ब्राउनला पुढच्या तिमाहीत परत घ्या की. अनुभवी आहे."

"नाही जमणार. काढलेल्याला वर्षभर घेता येत नाही." विश्वजीतने हे एचआरला विचारून ठेवलेलं दिसलं.

"मग त्याच्या जातीतला दुसरा आहे. चीफ सेल जे बनवतात त्या पॅराथॉर्मोनचा रंग. चीफ सेल बरोबर ओळखतो, ऑक्सिफिलना जेमतेम हात लावतो, थायरॉइडमधलं त्याला काही म्हणजे काही कळत नाही. कुठेच काम केलेलं नाही अजून. फ्रेशर."

विश्वजीतने वही उघडली. "वीसच्या वर जाणार नाही ना?"

"मी हमी देते," उल्काबाई म्हणाल्या, आणि त्याने रेफरन्सच्या रकान्यात त्यांचं नाव लिहून घेतलं.