गळलेली तीन पानं

रंभाताई चहा बशीतूनच प्यायची, रोपांना टोमणे मारायची आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी कुंडीत बोट घालायची. रोह्याच्या नर्सरीत वीस वर्षं तिचं हेच चाललं होतं.

माझ्या जेडच्या रोपाची पानं गळू लागली, तेव्हा मी कुंडी घेऊन तिच्याकडे धावले.

"मरतंय का, ताई?"

तिने पान दाबलं. "तहानलं असतं तर माती कोरडी नि पान सुरकुतलेलं. पाणी जास्त झालं असतं तर पिवळं, गिळगिळीत. ह्ये तर हिरवं, टणक हाय. कुठं ठेवलंवतंस गो?"

"ऑफिसात, एसीखाली. काल गच्चीवर उन्हात नेलं."

"मग उन्हाचा धसका बसला की त्याला! सावलीत ठेव, जगंल."

झाड जगलं. गळलेली तीन पानं तिने देठ सुकायला कागदावर ठेवली होती, सोमवारी कुंडीत लावायला; जेडचं नुसतं पानही रुजतं. रविवारी पहाटे ती झोपेतच गेली. पानं अजून कागदावरच आहेत.